कानावरची नागीण वाट पाहत नाही

आपल्या वस्त्यांमध्ये नागीण हा आजार नवा नाही. कमरेवर, छातीवर किंवा पाठीवर एका बाजूला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठतो, आग होते, ठणका लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत खपल्या पडून कातडी बरी होते. म्हणून नागिणीला कोणी फार घाबरत नाही. घाबरतात ते एकाच गोष्टीला, की तिचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो. ही भीती खोटी आहे. पण नागिणीचं एक रूप खरोखर घाबरण्यासारखं आहे आणि त्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. ती कानावर येते. कानात आणि कानाभोवती फोड, कान फुटून निघेल असा ठणका आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं. या आजारात पहिले तीन दिवस फार मोलाचे असतात. ते उताऱ्यात, गेरूत आणि कानाच्या थेंबात गेले तर वाकडं झालेलं तोंड पूर्ण सरळ होण्याची आशा निम्म्याहून कमी होते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कानावरच्या नागिणीला अंगावरच्या नागिणीसारखं वागवू नका. आणि सरकारी दवाखान्यांनीही अशा माणसाला नुसती चिठ्ठी देऊन मोठ्या गावाला पाठवू नये. औषधाची पहिली गोळी जवळच्या जवळ आणि त्याच दिवशी पोटात गेली पाहिजे.

एका आत्याचे आठ दिवस

सिरसाळ्याच्या परिसरात वीटभट्टीवर काम करणाऱ्या, नात्याने मला आत्या लागणाऱ्या एका बाईची ही हकीकत आहे. मी दवाखान्यात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काढली, तरी आत्याच्या बाबतीत मला वेळेवर कळलं नाही, याची टोचणी आजही आहे. त्यांचं नाव इथे देत नाही. वय अठ्ठावन्न, साखरेचा त्रास थोडा, बाकी काटक बाई.

रविवारी त्यांच्या उजव्या कानात ठणका सुरू झाला. भट्टीवरची धूळ गेली असेल म्हणून लसणाचं कोमट तेल कानात सोडलं. सोमवारी ठणका मानेपर्यंत उतरला. रात्री झोप नाही. मंगळवारी सकाळी सुनेने पाहिलं तर कानाच्या भोकाजवळच्या खोलगट भागात लाल चट्टा आणि त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, ही नागीण हाय. उतरवून आण." मग शेजारच्या गावात नेलं. तिथे मंत्र झाला, गेरूचा लेप झाला आणि "पाच दिवस डागदराचं औषिद घिऊ नका, नागीण चिडती" असं बजावून परत पाठवलं.

बुधवारी संध्याकाळी चूळ भरताना तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळालं. आत्या हसल्या तर तोंड डावीकडे ओढलं गेलं. उजवा डोळा मिटेना. घरात एकच गलका झाला, "वारं गेलं." पण उतरवणाऱ्याने पाच दिवस सांगितले होते, म्हणून गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे कानात टाकायचे थेंब, एक अँटिबायोटिक आणि ताकदीचं इंजेक्शन मिळालं. गेरूच्या लेपाखाली फोड झाकले गेले होते, त्यामुळे ते कोणी नीट पाहिले नाहीत. शनिवारी चक्कर सुरू झाली, उठलं की घर फिरायचं, उलटी व्हायची. त्या कानाने ऐकू कमी येऊ लागलं. सोमवारी भाचा त्यांना परळीमार्गे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेला. तिथल्या कान-नाक-घसा विभागातल्या डॉक्टरांनी लेप पुसला, बॅटरीच्या उजेडात कान पाहिला, डोळे मिटायला सांगितले, कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या आणि दोन-तीन मिनिटांत निदान केलं. औषध त्याच दिवशी सुरू झालं. पण तोंड वाकडं झाल्याला तोवर पाच दिवस उलटले होते.

आत्या आज कामावर जातात. चक्कर गेली, ठणका महिन्या-दीड महिन्याने ओसरला. पण उजवा डोळा पूर्ण मिटत नाही. घास चावताना तो डोळा आपोआप बारीक होतो आणि त्यातून पाणी येतं. लग्नात फोटो काढायची वेळ आली की त्या पदर तोंडावर घेतात.

नेमकं होतं काय

या आजाराला डॉक्टर रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात. जेम्स रॅमसे हंट या अमेरिकी डॉक्टरांनी 1907 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आजार नागिणीचाच आहे, जागा मात्र वेगळी आहे.

लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. फोड सुकतात, मूल खेळायला लागतं, पण कांजिण्यांचा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. तो नसांच्या मुळाशी, जिथे नसांच्या पेशींच्या गाठी असतात, तिथे झोपून राहतो. वीस, चाळीस, साठ वर्षंसुद्धा राहतो. वय झालं, साखर वाढली, मोठं आजारपण झालं, शरीराची प्रतिकाराची ताकद कमी झाली की तो पुन्हा जागा होतो आणि त्या एका नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणजे नागीण. प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूच्या ठरावीक पट्ट्याला जाते, म्हणून नागीण सहसा पाठीचा मणका किंवा पोटाची मधली रेघ ओलांडत नाही. तोंड आणि शेपूट जुळून माणूस मरण्याच्या गोष्टीत म्हणूनच तथ्य नाही.

आता चेहऱ्याची नस पाहू. हसणं, डोळे मिटणं, कपाळाला आठ्या घालणं, फुंकर मारणं ही सगळी कामं ती करते. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. मेंदूकडून निघून चेहऱ्याकडे येताना ती कानामागच्या हाडातल्या एका अरुंद नळीतून जाते. कांजिण्यांचा विषाणू या नसेच्या गाठीत जागा झाला की नस सुजते. पाठीवरची नस सुजली तर तिला पसरायला मांस-चरबीची जागा असते. इथे भोवती हाड आहे. सुजलेली नस त्या नळीत चेपली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटू लागतो आणि ती काम थांबवते. शेजारूनच ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस जाते. तिलाही झळ लागली की ऐकू कमी येतं, कानात आवाज येतो, गरगरतं. आत्यांना शनिवारी झालं ते हेच.

मंत्राने बरी झाली असं का वाटतं

उतरवणाऱ्याकडे जाणाऱ्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं की अमक्याची नागीण मंत्राने गेली. ते खोटं बोलत नाहीत. नागिणीचे फोड साधारण आठवड्या-दहा दिवसांत सुकून खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी बरी होते. मंत्र केला तरी होते, गेरू लावला तरी होते आणि काहीही न करता घरी बसलं तरी होते. उतरवणारा पाच किंवा सात दिवसांची मुदत देतो, ती याच हिशोबात बसते. श्रेय त्याला जातं.

फसगत इथे आहे. कानावरच्या नागिणीतसुद्धा कातडी ठरल्याप्रमाणे बरी होते. फोड सुकले, खपल्या पडल्या, म्हणजे नागीण गेली असं सगळे म्हणतात. पण आजाराचं खरं नुकसान कातडीवर होत नाही, हाडाच्या आत नसेवर होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कातडी बरी होत असताना आत नस वाळत असते. ज्या दिवसांत ती वाचवता आली असती, ते दिवस आपण कातडीकडे पाहत काढतो.

धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांनी गंडेदोरे, उतारे, देवऋषी सोडले. निदान सोडल्याचं आपण सांगतो. पण नागिणीच्या वेळी आपलीही बरीच घरं गुपचूप उतरवून आणतात, कारण "त्यात काय बिघडतं?" असं वाटतं. अंगावरच्या नागिणीत बहुधा फार बिघडत नाही, फक्त वेदना लांबतात. कानावरच्या नागिणीत चेहरा बिघडतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे. नागिणीचं नाव त्या यादीत नाही. पण साप चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, हे आपल्याला आता पटलं आहे. कानावरच्या नागिणीलाही तोच नियम आपण स्वतःहून लावून घेतला पाहिजे.

तीन दिवसांचा हिशोब कुठून आला

जपानमधल्या डॉक्टरांनी 1997 साली या आजाराच्या 80 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांना विषाणूविरोधी औषध अ‍ॅसायक्लोविर आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड प्रेडनिसोलोन जातीचं, अशी दोन्ही औषधं दिली होती. फरक होता तो औषध कधी सुरू झालं याचा. पहिल्या तीन दिवसांत औषध मिळालेल्या 28 जणांपैकी 21 जणांचा चेहरा पूर्ण सरळ झाला. चौथ्या ते सातव्या दिवसात मिळालेल्या 29 पैकी 14 जणांचा झाला. सात दिवसांनंतर मिळालेल्या 23 पैकी फक्त 7 जणांचा झाला. म्हणजे चारातले तीन, मग निम्मे आणि शेवटी तिघांतला एकही नाही.

या आकड्यांबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा अभ्यास झालेल्या रुग्णांच्या नोंदींवरून केलेला आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, अशा पक्क्या पद्धतीची मोठी तपासणी या आजारात झालेली नाही. तरीही डॉक्टर लवकर औषध देण्यावर ठाम आहेत, कारण औषध काम कसं करतं हे माहीत आहे. अ‍ॅसायक्लोविर विषाणूची वाढ थांबवतं. झालेलं नुकसान ते भरून काढत नाही. विषाणूची संख्या पहिल्या काही दिवसांत झपाट्याने वाढते. तेव्हा औषध पोचलं तर वाढ रोखता येते, नंतर पोचलं तर रोखायला फारसं उरत नाही. पेटलेल्या कडब्याच्या गंजीसारखं आहे हे. पहिल्या पेंढीला आग लागली असताना टाकलेली घागर आणि गंज जळून गेल्यावर टाकलेली घागर, पाणी तेच असतं.

तीन दिवस उलटून गेले म्हणून घरी बसू नये, हेही याच आकड्यांतून दिसतं. चौथ्या ते सातव्या दिवशी गेलेल्यांपैकीही जवळपास निम्मे पूर्ण बरे झाले. उशीर झाला असला तरी जायचंच.

ओळखायचं कसं

कानात किंवा कानाभोवती एका बाजूला जोराचा, जळजळणारा ठणका असेल तर रोज दोनदा उजेडात कान पाहा. भोकाजवळचा खोलगट भाग, कानाची पाळी, कानामागची जागा. फोड तिथे येतात, कधी कानाच्या भोकाच्या आत येतात, कधी टाळूवर किंवा जिभेच्या त्याच बाजूला येतात. म्हणून तोंड उघडूनही पाहायचं. फोड पाहायचे असतील तर त्यावर काही लावलेलं नको. गेरू, शाई, हळद, चुना, काहीच नको. कानात तेल नको.

मग माणसाला चार गोष्टी करायला सांगा. कपाळाला आठ्या घाल. डोळे घट्ट मिट. दात दाखव. गाल फुगव. एक बाजू मागे पडते का ते पाहा. सुरुवातीला फरक अगदी थोडा असतो. चहा पिताना ओघळ येणं, चूळ सांडणं, जेवताना गालात घास अडकणं, जिभेच्या त्या बाजूला चव न लागणं, या खुणा घरच्यांच्या आधी त्या माणसालाच कळतात. त्याचं ऐका.

इथे एक अडचण असते. दर वेळी ठणका, फोड आणि वाकडं तोंड याच क्रमाने येत नाहीत. काहींचं तोंड आधी वाकडं होतं आणि फोड नंतर दिसतात. काहींना फोड येतच नाहीत. मग डॉक्टरसुद्धा त्याला साधा चेहऱ्याचा लकवा समजू शकतात, जो बऱ्याच जणांचा आपोआप बरा होतो. म्हणून तोंड वाकडं झालेल्या माणसाचा कान जर असह्य दुखत असेल किंवा त्याला ऐकू कमी येत असेल, गरगरत असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं. नंतर फोड दिसले तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन दाखवायचं.

आणि तोंड वाकडं होण्याबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, भान हरपलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळाला आठ्या दोन्ही बाजूंनी पडतात, चेहऱ्याच्या नसेच्या आजारात दुखऱ्या बाजूचं कपाळही गुळगुळीत राहतं. पण हा फरक घरी बसून करत बसू नका. 108 ला फोन करा. तोंड वाकडं झालेला कोणताही माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला पाहिजे, कारण काहीही असो.

हा म्हाताऱ्यांचाच आजार आहे असंही नाही. जून 2022 मध्ये गायक जस्टिन बीबर याने एका व्हिडिओत स्वतःचा अर्धा लुळा पडलेला चेहरा दाखवला आणि हाच आजार झाल्याचं सांगितलं. तेव्हा तो 28 वर्षांचा होता आणि त्याला कार्यक्रम रद्द करावे लागले. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असणाऱ्यालाही हा आजार होतो. फरक पडतो तो औषध किती तासांत सुरू होतं यामुळे.

चिठ्ठीवर काय असायला हवं

औषध डॉक्टरच देतील, दुकानातून आपल्या मनाने घ्यायचं नाही. पण चिठ्ठीवर काय आहे हे वाचता आलं पाहिजे, कारण इथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे मलम. मेडिकलमध्ये जाऊन नागिणीचं औषध मागितलं की अ‍ॅसायक्लोविरची छोटी ट्यूब मिळते. कातडीवर लावलेलं मलम हाडातल्या नसेपर्यंत पोचत नाही. गोळ्याच लागतात.

दुसरी चूक म्हणजे अपुरी मात्रा. मोठ्या माणसासाठी अ‍ॅसायक्लोविरची नेहमीची मात्रा 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस अशी असते. जागेपणी साधारण दर चार तासांनी एक. गोळी 400 ची असेल तर एका वेळी दोन. 200 ची गोळी दिवसातून दोनदा, ही मात्रा या आजाराला पुरत नाही. पाच वेळा घेणं कामावर जाणाऱ्याला जमत नाही, म्हणून काही डॉक्टर व्हॅलासायक्लोविर 1000 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा देतात. तेही तितकंच चालतं, थोडं महाग पडतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाची मात्रा कमी करावी लागते, म्हणून तो त्रास असेल तर आधी सांगायचं. गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्यायचं, विशेषतः उन्हात आणि भट्टीवर काम करणाऱ्यांनी.

सोबत बहुधा प्रेडनिसोलोन असतं. ते नसेची सूज उतरवण्यासाठी असतं आणि काही दिवसच द्यायचं असतं. त्याने साखर वाढते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना सांगा आणि त्या दिवसांत साखर तपासत राहा. साखर वाढेल या भीतीने गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि कोणी नुसतं स्टेरॉइड दिलं असेल, विषाणूचं औषध दिलं नसेल, तर विचारा.

यासाठी एमआरआय किंवा रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबण्याची गरज नसते. निदान कान पाहून आणि चेहरा पाहून होतं. तपासण्या नंतरही होतात. एक तपासणी मात्र लाज न बाळगता करावी. कमी वयात नागीण आली, फार पसरली किंवा पुन्हा पुन्हा आली तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासून घ्यावेत. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते.

डोळा आधी सांभाळा

चेहरा सरळ व्हायला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. पण डोळा दोन दिवसांत खराब होऊ शकतो. पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं, त्यावर धूळ बसते, ओरखडा येतो, जखम होते आणि नजर जाऊ शकते. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या माणसाला हा धोका दुप्पट आहे.

म्हणून दिवसा डोळ्यात अश्रूंसारखे थेंब वारंवार घालायचे, हे थेंब डॉक्टर लिहून देतात. रात्री झोपताना डोळ्याचं मलम घालून पापणी हळूच खाली ओढायची आणि कागदी चिकटपट्टीने मिटलेली ठेवायची. डोळा आत उघडा आणि वर कापूस, असं कधीही बांधू नका, त्याने बुबुळ घासलं जातं. बाहेर जाताना मोठा चष्मा लावा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

फोड ओले असेपर्यंत ते झाकून ठेवा. नागीण दुसऱ्याला नागीण म्हणून लागत नाही, पण फोडातल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत त्याला कांजिण्या येऊ शकतात. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर खपल्या धरेपर्यंत लांब राहा. पण रुग्णाला वाळीत टाकू नका.

दवाखान्यांकडून एक मागणी

आता पुन्हा आत्याकडे येतो. बुधवारी संध्याकाळी चूळ सांडली. गुरुवारी सकाळी त्या जवळच्या आरोग्य केंद्रात गेल्या असत्या आणि तिथल्या डॉक्टरांनी कान पाहून पहिल्या दिवसाच्या गोळ्या हातात दिल्या असत्या, तर औषध पंधरा-सोळा तासांत सुरू झालं असतं. मग शुक्रवारी, शनिवारी अंबाजोगाईला ऐकण्याची तपासणी, तोलाची तपासणी, सगळं सावकाश झालं असतं.

आपल्या भागात बहुधा याच्या उलट होतं. आरोग्य केंद्रातून परळीची चिठ्ठी, परळीहून अंबाजोगाईची चिठ्ठी, मध्ये रविवार, मध्ये गाडीभाड्याची जुळवाजुळव, मध्ये बुडणारी मजुरी. रोजंदारीवरच्या घराला त्या प्रत्येक चिठ्ठीची किंमत एक दिवस असते, आणि या आजारात दिवसाची किंमत चेहऱ्यात मोजावी लागते. अ‍ॅसायक्लोविर हे काही दुर्मिळ औषध नाही. केंद्र सरकारच्या आवश्यक औषधांच्या 2022 च्या राष्ट्रीय यादीत ते आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. मग प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात एका रुग्णाच्या पूर्ण कोर्सच्या गोळ्या कायम असाव्यात आणि मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिली मात्रा तिथेच द्यावी, ही मागणी जास्त नाही. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत आपल्या माणसांनी हे लेखी मांडावं. आशाताईंच्या बैठकीत कानावरच्या नागिणीचा फोटो एकदा तरी दाखवला जावा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. घरात कोणाचा कान ठणकला तर तेल सोडण्याआधी बॅटरी लावून कान पाहा. फोड दिसले तर तोंड वाकडं व्हायची वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा. तोंड वाकडं झालंच तर तो वार आणि ती वेळ कागदावर लिहा आणि दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, "बुधवारी संध्याकाळपासून तोंड वाकडं आहे, कानात फोड आहेत, विषाणूचं औषध सुरू करायचं का ते बघा." आत्यांच्या वेळी हे वाक्य आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं.